भिंत तीच हवी: संदर्भ-फोटो देऊन एआयकडून आपल्या ब्रँडची पार्श्वभूमी कशी काढून घ्यायची

वर्धा जिल्ह्यात, समुद्रपूर तालुक्यातल्या एका बचत गटासाठी मी पाकिटांचे फोटो काढतो. वायगावची हळद, तिखट, जवसाची चटणी असा माल. स्टुडिओ म्हणाल तर गटाच्या अध्यक्ष काकूंची ओसरी. भिंतीला चुना, चुन्यात चिमूटभर नीळ, खाली हातभर गेरूचा पट्टा आणि पुढे सारवलेला ओटा. फोटो दिवाळी ते होळीच्या दरम्यान, सकाळी नऊच्या सुमारास काढायचे, कारण तेव्हा ओसरीत डावीकडून तिरपं ऊन येतं. हे काही कोणी ठरवून केलं नव्हतं, पण दोन-तीन वर्षांत गिऱ्हाईक पाकीट वाचायच्या आधी ती भिंत ओळखायला लागलं.

अडचण श्रावणात आली. दसऱ्यासाठी आठ नवी पाकिटं तयार होती, ऊन मात्र गायब होतं आणि भिंतीला ओल धरून गेरू खाली ओघळलेला. पाकिटांचे साधे फोटो घरात खिडकीपाशी काढता आले असते, मागची भिंत मात्र कुठून तरी आणावी लागणार होती. ती मी मिडजर्नी या एआय साधनाकडून काढून घेतली. यात माझे दोन आठवडे वाया गेले, आणि ते साधनामुळे नाही तर मी त्याला चुकीचा फोटो दाखवल्यामुळे गेले. म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा संदर्भ-फोटो कसा तयार करायचा यालाच दिली आहे.

आधी आपली शैली कागदावर आणा

जुने दहा-बारा फोटो एका पडद्यावर शेजारी-शेजारी लावा आणि सगळ्यांमध्ये सारखं काय आहे तेवढंच लिहा. 'गावरान', 'अस्सल' असले शब्द नकोत, डोळ्यांना दिसतं तेच लिहायचं. आमच्या कागदावर चार ओळी आल्या: निळसर पांढरी खरखरीत भिंत, खाली गेरूचा पट्टा, डावीकडून येणारं कडक ऊन आणि वस्तूभोवती भरपूर मोकळी जागा. बाकी पाकीट, चमचा, सुपातली हळकुंडं वगैरे प्रत्येक फोटोत बदलत होतं, म्हणजे ती शैली नाही.

याच वेळी रंगही मोजून ठेवा. फोटोपी हे ब्राउझरमध्ये फुकट चालणारं फोटो संपादनाचं साधन आहे. त्यात फोटो उघडून रंग उचलायच्या ड्रॉपरने पाच-सहा फोटोंतल्या त्याच जागेवर टिचकी मारायची. गेरू आमच्याकडे `#9C4F38` च्या आसपास आला, भिंत `#E4E8EA` च्या. हे आकडे एआयला सांगायचे नाहीत. अशा साधनाला रंगाचा आकडा लिहून दिला तरी ते तो पाळेलच असं नाही. आकडे शेवटी तपासणीला लागतात.

संदर्भ-फोटो रिकामा हवा

पहिल्यांदा मी गटाचा सर्वांत देखणा फोटो दिला, मधोमध हळदीचं पाकीट असलेला. उत्तरात चार चित्रं आली आणि चारहींत भिंतीपुढे पिवळी पाकिटं उभी होती. त्यांवर देवनागरीसारखी दिसणारी पण कुठल्याच भाषेत न वाचता येणारी अक्षरं होती. मी लिहून मागणी बदलत राहिलो, 'पाकीट नको' म्हणून सांगत राहिलो, तरी कुठे ना कुठे पिवळी चौकट येतच राहिली.

कारण साधं आहे. साधन फोटोकडे 'ही शैली, ही वस्तू' असं वेगळं काढून बघत नाही. फोटोचं रूपांतर ते आकड्यांच्या एका गाठोड्यात करतं आणि त्या गाठोड्यात भिंतीचा रंग, उन्हाची धार, पाकिटाचा आकार हे सगळं एकत्र असतं. शैलीसाठी वेगळी सोय असलेली साधनं यातली वस्तू बरीच गाळतात, पण मधोमध उभी असलेली ठळक वस्तू गाळणं त्यांनाही कठीण जातं. म्हणून वस्तू आपणच आधी काढून टाकायची.

त्याचे दोन मार्ग आहेत. उत्तम मार्ग म्हणजे त्याच जागेचा, त्याच उन्हातला, काहीही न ठेवलेला फोटो. माझ्या सुदैवाने जुन्या शूटिंगमध्ये उजेड बघायला म्हणून काढलेले दोन रिकामे फोटो फोनमध्ये पडून होते. एरवी असे फोटो आपण पुसून टाकतो. पुढे तसं करू नका. दुसरा मार्ग म्हणजे जुन्या फोटोतला पाकिटाशेजारचा कोपरा कापून घेणं. भिंत, गेरू आणि ओटा तिन्ही थोडे थोडे येतील असा तुकडा निवडा. नुसती पांढरी भिंत कापलीत तर साधनाला त्यातून पांढऱ्या रंगापलीकडे काही कळणार नाही.

तुकडा चौकोनी कापा आणि महत्त्वाचं ते मध्ये ठेवा. स्टेबल डिफ्यूजन या दुसऱ्या एआय चित्र-साधनासोबत आयपी-अडॅप्टर ही संदर्भ-फोटो वाचणारी जोडणी वापरणाऱ्यांना याचं कारण ठाऊक असेल. तिथे संदर्भ-फोटो साधारणपणे मधला चौकोन कापून अवघ्या २२४ बाय २२४ पिक्सेलचा करून वाचला जातो. आडव्या फोटोच्या कडेला गेरूचा पट्टा असेल तर तो वाचलाच जात नाही. प्रत्येक साधन आतून असंच करतं असं नाही, पण चौकोनी तुकड्याने नुकसान कुठेच होत नाही.

फोटो व्हॉट्सअपवरून मागवत असाल तर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. साध्या पद्धतीने आलेला फोटो दाबला जातो आणि सपाट भिंतीवर बारीक चौकटी उमटतात. माझ्या एका संदर्भात त्या होत्या, आणि तयार झालेली भिंत जवळून पाहिली तर मळकट पोताच्या चादरीसारखी दिसत होती. ते कशामुळे हे कळायला मला एक दिवस लागला.

आता संदर्भ किती द्यायचे? एकच दिला तर साधन त्या एका फोटोतली खूण पकडून बसतं. आमच्या ओट्याला एक टवका उडालेला आहे, तो प्रत्येक चित्रात थोड्याफार फरकाने हजर व्हायचा. तीन फोटो दिले की तिन्हींत सारखं असतं ते वर येतं आणि एकेकातलं वेगळेपण मागे पडतं. मात्र तिन्हींचा उजेड एकाच वेळेचा हवा. मी एकदा तिसरा फोटो संध्याकाळचा घातला, तर सगळी चित्रं ना सकाळची ना संध्याकाळची अशी पिवळट आली.

फोटो योग्य खणात टाका

मिडजर्नीत तुम्ही दिलेला फोटो वेगवेगळ्या कामांसाठी वापरता येतो. साधा चित्र-संदर्भ म्हणून दिला तर साधन त्यातल्या वस्तू आणि मांडणीही उचलतं. शैली-संदर्भ म्हणून दिला तर मुख्यतः रंग, पोत आणि उजेडाचा बाज उचलतं. आपल्याला दुसरा हवा. लिहून मागणी करताना तो `--sref` ने देतात. अडोबी फायरफ्लायमध्येही शैलीचा संदर्भ आणि मांडणीचा संदर्भ यांच्या जागा वेगळ्या आहेत आणि प्रत्येकाची तीव्रता सरकपट्टीने कमी-जास्त करता येते. साधन कुठलंही असो, पहिल्या दिवशी एवढं तपासून घ्या की तुमचा फोटो नक्की कुठल्या खणात जातोय.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. मिडजर्नीत केलेली चित्रं मुळात सगळ्यांना दिसतात. ती लपवायची सोय फक्त महागड्या योजनांत आहे. त्यामुळे बाजारात न आलेल्या लेबलचा फोटो किंवा गटातल्या बायांचे चेहरे संदर्भ म्हणून टाकू नका. रिकाम्या भिंतीचा इथेही फायदाच होतो. आणि दुसऱ्या ब्रँडचा आवडलेला फोटो संदर्भ म्हणून द्यायचा मोह होतो, तो आवरा. आपल्याला आपली शैली पुढे न्यायची आहे.

मागणीत काय लिहायचं, काय नाही

शैली फोटो सांगतो, वस्तू शब्दांनी सांगायच्या. 'सुंदर', 'रंगीबेरंगी', 'सणासुदीचं' असे शब्द लिहिले की ते फोटोशी भांडतात आणि बहुतेक वेळा शब्दच जिंकतात. 'भारतीय खेडं' हा त्याहून वाईट शब्द. तो लिहिला की राजस्थानी कमानी, झेंडूच्या माळा आणि पितळी भांडी येतात. 'विदर्भ' लिहिलं म्हणून वायगावची ओसरी येत नाही. म्हणून ठिकाणाचं नाव न घेता जे दिसायला हवं त्याचं वर्णन करा. मागणी इंग्रजीत लिहिली तर साधनाला अधिक नीट कळते.

दोन गोष्टी मात्र शैली-संदर्भ देऊनही शब्दांत लिहाव्याच लागतात: उजेडाची दिशा आणि कॅमेऱ्याची उंची. संदर्भात ऊन डावीकडून असलं तरी चित्रात ते उजवीकडून येऊ शकतं, कारण साधन 'कडक ऊन' उचलतं, त्याची दिशा उचलेलच याची खात्री नाही. शेवटी माझी मागणी अशी ठरली:

```
empty low mud ledge against a lime-washed wall,
red ochre band along the bottom, hard morning
sunlight from the left, eye-level view, large
empty space in the centre --ar 4:5
--sref URL1 URL2 URL3 --sw 300
--no packet, text, people, flowers --seed 4127
```

प्रत्यक्षात हे सगळं एकाच सलग ओळीत टाकायचं आणि `URL1` वगैरेच्या जागी आपल्या तीन फोटोंचे दुवे घालायचे. `--ar 4:5` म्हणजे उभ्या पोस्टचं प्रमाण. स्टेटससाठी `9:16` करा. `--no` नंतर नको असलेल्या वस्तू येतात. `--seed` चा आकडा कुठलाही चालतो, पण चाचणी संपेपर्यंत तोच ठेवा, म्हणजे दोन चित्रांतला फरक नशिबाचा नसून तुम्ही केलेल्या बदलाचा आहे हे कळतं.

वजन ठरवण्याची चाचणी

`--sw` म्हणजे शैलीचं वजन. ते ० ते १००० पर्यंत देता येतं आणि काहीच लिहिलं नाही तर १०० धरलं जातं. तीच मागणी, तोच `seed` आणि फक्त वजन बदलत ५०, १००, ३०० आणि ८०० अशी चार वेळा चालवा. मग चारही उत्तरं जुन्या फोटोंच्या शेजारी लावा.

आमच्याकडे ५० वर कुठल्याही देशातली मातीची भिंत आली, गोडसर तपकिरी. १०० वर गेरूचा पट्टा आला, पण भिंतीतली निळीची झाक नव्हती. ३०० वर भिंत थंड पांढरी झाली, पोत खरखरीत आला आणि गेरू जवळपास बरोबर पडला. ८०० वर साधन संदर्भाला चिकटून बसलं. टवका परत आला, ओटा भिंतीत मिसळला आणि मागितलेली मोकळी जागाच राहिली नाही. तुमचा आकडा वेगळा येईल, पण लक्षणं हीच असतील: वजन कमी पडलं की चित्र कोणाचंही वाटतं, जास्त झालं की मागणीतली वाक्यं गळायला लागतात. मांडणी बिघडायला लागली की एक पायरी मागे या.

३०० वरची चार चित्रं घेऊन मी काकूंकडे गेलो. मला चारही पसंत होती. त्यांनी फोन हातात घेतला, दूर धरला, जवळ आणला.

"हे आपली भित नोहे बाप्पा," त्या म्हणाल्या. "इतकी चोपडी भित कोनाच्या घरी असते? अन् या दोघींत ऊन उलटं पडलं नं."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. दोन चित्रांत ओट्याची सावली डावीकडे पडली होती, म्हणजे ऊन उजवीकडून. आणि भिंत खरखरीत असली तरी सगळीकडे सारखीच खरखरीत होती. हाताने मारलेल्या चुन्यात कुंचल्याचे फटकारे असतात, कुठे थर जाड, कुठे पातळ. उलट्या उन्हाची दोन चित्रं मी सरळ टाकून दिली. चित्र आडवं उलटवूनही ऊन डावीकडे आणता येतं, पण तोवर मागणीत शब्द वाढवून नवी काढणं सोपं होतं. मागणीत `uneven hand-brushed limewash` हे तीन शब्द घातले आणि पुन्हा चालवलं. तिसऱ्या खेपेला काकू म्हणाल्या, "आता कशी घरची वाटते." मला वाटतं, असा एक माणूस हवाच, ज्याला साधनाचं कौतुक नाही आणि भिंत रोज दिसते.

पाकीट खरं, भिंत एआयची

पाकीट कधीही एआयकडून काढून घेऊ नका. लेबलवरची अक्षरं बिघडतात आणि खाद्यपदार्थाच्या पाकिटावर वजन, परवाना क्रमांक, तारीख चुकीची दिसणं परवडणारं नाही. पाकिटाचा खरा फोटो काढा. आपल्या पार्श्वभूमीत ऊन डावीकडून आहे, तर पाकीट ठेवतानाही खिडकी डावीकडेच हवी, आणि कॅमेरा पाकिटाच्या उंचीवर. उजवीकडे पांढरा कागद उभा केला की काळोखी बाजू फार काळी पडत नाही.

मग फोटोपीत पाकीट कापून तयार भिंतीवर ठेवा. इथे बहुतेकांचं पाकीट हवेत तरंगतं, कारण सावली एकच आणि पसरट टाकलेली असते. सावल्या दोन लागतात. पहिली पाकिटाच्या बुडाशी अगदी चिकटलेली, बोटभरही नाही, गडद. दुसरी उजवीकडे लांबलेली, कडेला विरत जाणारी, फिकट. दोन्ही पाकिटाखालच्या वेगवेगळ्या थरांवर काढा आणि थराची पद्धत `Multiply` ठेवा. पहिलीची गडदता म्हणजे `Opacity` ७० टक्क्यांच्या आसपास, दुसरीची ३० ते ४०. सावलीचा रंग शुद्ध काळा नको. ओट्यावरच्या मूळ सावलीतून ड्रॉपरने उचलाल तो तपकिरी रंगच बरोबर दिसतो.

आता रंगाचे मोजून ठेवलेले आकडे काढा. तयार चित्रातल्या गेरूवर ड्रॉपर मारला तर माझ्याकडे तो वाइन रंगाकडे झुकलेला निघाला. पट्ट्यापुरती निवड करून त्यावर नवा थर घेतला, त्यात आपला गेरू भरला, पद्धत `Color` केली आणि गडदता २५ टक्क्यांवर आणली. एवढ्याने रंग सरकतो आणि पोत जसाच्या तसा राहतो. पाकिटाच्या रंगाला मात्र हात लावू नका. वायगावच्या हळदीचा गडद रंग भिंतीशी जुळवायच्या नादात लिंबासारखा झाला, तर पाकीट उघडल्यावर गिऱ्हाईक फोटो आणि माल ताडून पाहणारच.

शेवटची चाळणी

नवं चित्र जुन्या आठ फोटोंमध्ये कुठेतरी मध्ये टाका आणि सगळे नखाएवढे लहान करून बघा. नजर आपोआप एकावर अडकली तर काम बाकी आहे, आणि इतक्या लहान आकारात अडकते ती बहुतेक वेळा रंगामुळे किंवा उजेडामुळेच. मग मोठं करून कडा तपासा: ओटा भिंतीला भेटतो ती रेघ सरळ आहे का, कोपऱ्यात अर्धवट भांडं किंवा अक्षरासारखा डाग आला नाही ना. पार्श्वभूमीत मालात नसलेली वस्तूही नको. जवसाच्या चटणीमागे एकदा साधनाने आपणहून शेंगदाण्यांची रास टाकली होती. चटणीत शेंगदाणा नाही, आणि ज्याला शेंगदाणा चालत नाही तो ते बघून फिरेल किंवा आपल्याला जाब विचारेल.

हे फोटो कुठे चालत नाहीत तेही सांगतो. अमेझॉनवर मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते, तिथे ओसरी नेऊ नका. पुढच्या फोटोंत चालते. छापायचं असेल तर आकार बघा. ए-फोर कागदावर नीट छापायला सुमारे २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात आणि साधनातून येणारं चित्र त्याहून बरंच लहान असतं. मोठं करून घेतलं तरी भिंतीचा पोत प्लास्टिकसारखा होतो. आठवडी बाजारातल्या फ्लेक्ससाठी मी अजून खराच फोटो वापरतो.

शेवटी जमलेली मागणी, वजन, `seed`, तिन्ही संदर्भ-फोटो आणि रंगाचे आकडे एकाच फोल्डरमध्ये ठेवा, नाहीतर पुढच्या पाकिटाला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. आमच्याकडे यंदा एक पेच उभा राहिला आहे. दिवाळीच्या तोंडावर काकूंनी ओसरीला नवा गेरू दिला आणि तो आधीपेक्षा बराच लाल निघाला. मी उन्हात जाऊन नव्या भिंतीचे रिकामे फोटो काढून ठेवले, पण फोल्डरमधले तीन संदर्भ बदलले नाहीत. निम्मी पाकिटं जुन्या भिंतीपुढे आणि निम्मी नव्या भिंतीपुढे दिसली तर दोन घरची वाटतील. सगळीच पाकिटं नव्याने करायची वेळ येईल तेव्हा तिन्ही संदर्भ एकदम बदलेन.